फोन हॉलमध्ये, बड्स कानात आणि किचनमध्ये गाणं तुटतं: ब्लूटूथची रेंज भिंतीपाशी का आटते?

नव्या इअरबड्सच्या बॉक्सवर लिहिलेलं असतं, रेंज १० मीटर. घरी आणल्यावर फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावायचा, बड्स कानात घालायचे आणि भांडी घासायला किचनमध्ये जायचं. अंतर मोजलं तर जेमतेम ८ मीटर. तरी गाणं अडखळतं, कॉलवर समोरचा म्हणतो, "आवाज तुटतोय". मग आपण ठरवतो की बड्सच खराब आहेत आणि पुढच्या सेलमध्ये 'ब्लूटूथ ५.३' लिहिलेले, आधीपेक्षा महागातले बड्स मागवतो. ते येतात आणि किचनमध्ये तसेच तुटतात.

असं का होतं? कंपनी खोटं बोलते का? तर नाही. बॉक्सवरचे १० मीटर खरे असू शकतात. फक्त ते मोकळ्या मैदानातले असतात, आणि आपण मैदानात राहत नाही. मधली भिंत, खिशातला फोन, बडच्या पोटातली नखाएवढी अँटेना आणि 'क्लास १', 'क्लास २' ही लेबलं, या सगळ्यांचा हिशोब मांडला की किचनमधलं कोडं सुटतं. हा हिशोब नीट बघूया.

आधी बेरीज-वजाबाकी समजून घेऊ

ब्लूटूथ चालतं २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास. याच पट्ट्यात आपलं जुनं वायफाय असतं आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही. या लहरीची लांबी साधारण १२ सेंटीमीटर, म्हणजे जवळपास अर्धी वीत. हा १२ सेंटीमीटरचा आकडा लक्षात ठेवा, पुढे दोनदा कामाला येणार आहे.

रेडिओवाले इंजिनिअर सिग्नलचा हिशोब डेसिबलमध्ये करतात. नाव ऐकून घाबरायचं कारण नाही, दोनच नियम पुरतात. ३ डेसिबल गेले की ताकद निम्मी होते. १० डेसिबल गेले की ताकद एक दशांश उरते. डेसिबलची गंमत अशी की गुणाकार-भागाकाराची गरजच राहत नाही, घरखर्चासारखी सरळ वजाबाकी करता येते. म्हणूनच या हिशोबाला 'लिंक बजेट' म्हणतात. फोनने किती पाठवले, वाटेत कुणी किती खाल्ले, बडच्या हातात किती उरले, एवढंच बघायचं.

मोजमापाची सुरुवात १ मिलिवॅटला होते. १ मिलिवॅट म्हणजे शून्य. त्यापेक्षा जास्त असेल तर आकडा अधिक, कमी असेल तर उणे. साधारण फोन २.५ मिलिवॅट सोडतो असं धरलं तर ते होतात अधिक ४. आणि चांगल्या बडला आवाज नीट उचलायला किमान उणे ९० च्या आसपास सिग्नल लागतो. उणे ९० म्हणजे एका मिलिवॅटचा एक अब्जांश! इतक्या क्षीण सिग्नलवर गाणं चालतं हेच खरं तर आश्चर्य आहे. पण त्याच्याही खाली गेलं की गाणं तुटतं.

मोकळ्या हवेतही सिग्नल खर्च होतोच

अँटेनामधून निघालेली लहर फुग्यासारखी सगळीकडे पसरते. अंतर दुप्पट झालं की तीच ताकद चौपट मोठ्या पृष्ठभागावर पसरते, म्हणून कुठल्याही एका जागी एक चतुर्थांशच मिळते. डेसिबलच्या भाषेत, अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल गेले.

ब्लूटूथच्या लहरीला पहिल्या १ मीटरलाच सुमारे ४० डेसिबलचा फटका बसतो. ८ मीटरपर्यंत तो ५८ होतो. म्हणजे पहिला मीटर सगळ्यात महाग, पुढचे मीटर त्यामानाने स्वस्त.

आता हेच उलटं वाचा. अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात, म्हणजे वाटेत कुणीही आगंतुक ६ डेसिबल खाऊन गेला तर आपली रेंज थेट निम्मी होते. १२ खाल्ले तर पाव. भिंतीबद्दल आपला गैरसमज इथेच होतो. आपल्याला वाटतं भिंत दोन-तीन मीटर कमी करत असेल. पण भिंत रेंजमधून मीटर वजा करत नाही, ती रेंजला भागते. मैदानात ४० मीटर जाणारा सिग्नल १२ डेसिबल खाणाऱ्या भिंतीमागे १० मीटरवर येतो.

भिंत नेमकं करते काय?

भिंतीवर लहर आदळली की तीन गोष्टी होतात.

पहिली, काही भाग परत फिरतो. हवेतून विटेत किंवा काँक्रीटमध्ये शिरताना लहरीचा वेग एकदम बदलतो आणि काचेवर जसा थोडा उजेड परावर्तित होतो, तशी लहरही थोडी मागे येते. भिंतीतून दुसऱ्या बाजूला बाहेर पडताना पुन्हा तेच.

दुसरी, काही भाग भिंत गिळते आणि त्याची नगण्य उष्णता होते. इथे सगळ्यात मोठा खादाड म्हणजे पाणी. म्हणून कोरडी वीट आणि ओल धरलेली वीट यांत फरक पडतो. पावसाळ्यात ज्या भिंतीला पोपडे धरतात, ती भिंत ब्लूटूथलाही जास्त जड जाते. (एक गैरसमज मात्र इथेच काढून टाकू. २.४ गिगाहर्ट्झला पाणी काही खास 'थरथरतं' म्हणून मायक्रोवेव्ह ओव्हन त्यावर चालतो, असं व्हॉट्सअॅपवर फिरतं. तसं नाही. साध्या पाण्याचं शोषण २० गिगाहर्ट्झच्या आसपास शिखराला पोचतं. २.४ ला पाणी शोषून घेतं हे खरं, पण ते काही जादूचं ठिकाण नाही.)

तिसरी गोष्ट म्हणजे धातू. धातूतून ही लहर आरपार जातच नाही. आणि इथे आपला १२ सेंटीमीटरचा आकडा पहिल्यांदा कामाला येतो. जाळीची भोकं लहरीच्या लांबीपेक्षा खूप लहान असली की ती जाळी लहरीला सलग पत्र्यासारखीच वाटते. ओव्हनच्या दाराच्या काचेत बारीक भोकांची जाळी असते ती यासाठीच. आरसीसीच्या भिंतीत सळयांची चौकट असते आणि दोन सळयांमधलं अंतर बऱ्याचदा १०-२० सेंटीमीटर, म्हणजे लहरीच्या लांबीच्याच घरात. त्यामुळे ती पूर्ण अडवत नाही, पण सहज सोडतही नाही. त्यात काँक्रीट स्वतःही खातंच.

ढोबळ मानाने सांगायचं तर प्लायवूड किंवा जिप्सम बोर्डाचं पार्टिशन ३ डेसिबलच्या आसपास खातं. साडेचार इंची विटेची भिंत ६ च्या आसपास, नऊ इंची त्याहून बरीच जास्त. सळयांसकट आरसीसी असेल तर १५-२० किंवा वर. लोखंडी कपाट, लिफ्टचा दरवाजा, फ्रिज यांच्यामागे तर सरळ रस्ताच बंद. हे आकडे प्रत्येक भिंतीप्रमाणे बदलतात, पण क्रम हाच राहतो.

म्हणूनच एक प्रश्न अनेकांना पडतो: जुन्या घरात चालायचं, नव्या फ्लॅटमध्ये त्याच बड्सना काय झालं? मुंबई-पुण्यातल्या बऱ्याच नव्या टॉवर्समध्ये अॅल्युमिनियमचे साचे लावून भिंती, स्लॅब सगळं एकदम काँक्रीटमध्ये ओततात. बिल्डरच्या भाषेत 'मिवान'. अशा फ्लॅटमध्ये बेडरूम आणि हॉलमधली भिंतही विटेची नसते, ती सळयांसकट काँक्रीटची असते. बांधकाम भराभर होतं, भिंतीला ओल कमी येते, पण ब्लूटूथच्या दृष्टीने प्रत्येक खोली एक पेटी होते. मग अशा घरात दुसऱ्या खोलीत सिग्नल पोचतोच कसा? बहुतेक वेळा भिंतीतून नाही, दारातून. लाकडी दार बंद असलं तरी ते काँक्रीटपेक्षा खूप हलकं. लहर पॅसेजच्या भिंतींवर आपटत, दाराच्या कडेवरून वळत पोचते.

आता किचनचा हिशोब मांडू

फोन हॉलमध्ये, तुम्ही ८ मीटरवर किचनमध्ये, मध्ये साडेचार इंची विटेच्या दोन भिंती. वजाबाकी अशी:

- फोनने सोडले: अधिक ४
- फोनच्या अँटेनाने ३ खाल्ले: उरले अधिक १
- ८ मीटर हवेने ५८ खाल्ले: उणे ५७
- दोन भिंतींनी ६-६ असे १२ खाल्ले: उणे ६९
- तुमचं डोकं आणि खांदा मध्ये आल्याने १०: उणे ७९
- बडच्या इवल्याशा अँटेनाने ६: उणे ८५

बडला लागतात उणे ९०. म्हणजे शिल्लक फक्त ५ डेसिबल. पास झालो, पण काठावर.

काठावरचं हे पास होणं फसवं आहे. घरात लहर एकाच वाटेने येत नाही. एक थेट येते, एक छतावरून, एक फ्रिजवरून आपटून. या वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लहरी एका जागी एकमेकींना साथ देतात, तर काही सेंटीमीटर पुढे एकमेकींना मारतात. अशा 'मेलेल्या' जागी सहज १०-१५ डेसिबल जातात. आणि या जागा लहरीच्या लांबीच्या निम्म्या अंतरावर, म्हणजे सुमारे ६ सेंटीमीटरवर बदलू शकतात. १२ सेंटीमीटरचा आकडा इथे दुसऱ्यांदा आला. म्हणून तर सिंकपाशी मान वाकवली की गाणं तुटतं आणि सरळ उभं राहिलं की परत येतं. ब्लूटूथ सतत चॅनल बदलत असतं, सेकंदाला १६०० वेळापर्यंत, त्यामुळे एका चॅनलवर मेलेली जागा दुसऱ्यावर जिवंत असू शकते आणि आपण बऱ्याचदा वाचतो. पण शिल्लक ५ असताना किती वाचणार?

आता याच घरातली एक विटेची भिंत काढून तिथे आरसीसी ठेवा. ६ ऐवजी २० गेले. उणे ८५ चे झाले उणे ९९. संपलं. बड्स तेच, फोन तोच, अंतर तेच.

शरीर ही सगळ्यात जवळची भिंत

वरच्या यादीत डोक्याने १० खाल्ले, हे वाचून काहींना अतिशयोक्ती वाटली असेल. पण माणसाच्या अंगात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, आणि पाणी काय करतं ते आपण पाहिलं. फोन डाव्या मागच्या खिशात आणि सिग्नल घेणारा बड उजव्या कानात असेल तर मध्ये अख्खं धड येतं. अंतर एक मीटरही नाही, पण २०-३० डेसिबल जाऊ शकतात.

याचा एक विचित्र परिणाम तुम्ही अनुभवला असेल. घरात खिशातला फोन आणि बड्स मस्त चालतात, पण सकाळी मोकळ्या मैदानावर चालायला गेलं की मधेच आवाज तुटतो. उलटं व्हायला पाहिजे ना? मैदानात तर भिंतच नाही! पण तेच कारण आहे. घरात अंगाने अडवलेली लहर समोरच्या भिंतीवर आपटून कानापर्यंत येते. मैदानात आपटायला काही नाही, निघालेली लहर गेली ती गेलीच. म्हणजे भिंत दोन खोल्यांमध्ये शत्रू असते आणि एकाच खोलीत मित्र. मैदानावर असं झालं तर बड्स बदलू नका, फोन दुसऱ्या खिशात टाकून बघा.

क्लास १, २, ३: लेबल काय सांगतं आणि काय नाही

आता त्या प्रसिद्ध तक्त्याकडे येऊ. इंटरनेटवर सगळीकडे लिहिलेलं असतं: क्लास १ म्हणजे १०० मीटर, क्लास २ म्हणजे १० मीटर, क्लास ३ म्हणजे १ मीटर. प्रत्यक्षात हे क्लास मीटरचे नाहीतच, ते ट्रान्समीटरच्या ताकदीचे आहेत. क्लास १ मध्ये जास्तीत जास्त १०० मिलिवॅट, क्लास २ मध्ये २.५ मिलिवॅट, क्लास ३ मध्ये १ मिलिवॅट. पुढे लो एनर्जी ब्लूटूथसाठी क्लास १.५ आला, त्याची मर्यादा १० मिलिवॅट. मीटरचे आकडे लोकांनी अंदाजासाठी चिकटवले आणि तेच रूढ झाले.

गणित केलं तरी तक्ता डळमळतो. १०० मिलिवॅट हे २.५ च्या ४० पट. पण अंतर दुप्पट करायला ताकद चौपट लागते, म्हणून ४० पट ताकदीने मोकळ्या हवेतलं अंतर सहा पटींच्या थोडं वर जातं, दहा पट नाही. डेसिबलमध्ये हा फरक १६ चा. घरात १६ डेसिबल म्हणजे काय? जेमतेम एक आरसीसीची भिंत. क्लास १ ची सगळी श्रीमंती एका भिंतीत संपते.

आणि दोन बारीक अक्षरांतल्या गोष्टी आहेत, त्या सहसा कुणी सांगत नाही.

पहिली, क्लास १ ही वरची मर्यादा आहे. 'जास्तीत जास्त १०० मिलिवॅट' एवढंच त्यात म्हटलंय. नियमांनुसार पूर्ण जोर लावून १ मिलिवॅटच्या थोडं वर सोडणारं उपकरणही क्लास १ मध्ये बसू शकतं. शिवाय क्लास १ उपकरणाला पॉवर कंट्रोल असावाच लागतो, म्हणजे समोरचा जवळ असेल तर ते स्वतःहून आवाज खाली आणतं. लहानशा बॅटरीवर चालणारे बड्स १०० मिलिवॅट सतत सोडतील ही अपेक्षाच चुकीची. त्यामुळे बॉक्सवर 'क्लास १' वाचून १०० मीटर गृहीत धरू नका.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: ब्लूटूथ हा रेडिओ स्टेशनसारखा एकतर्फी कार्यक्रम नाही, तो फोनवरच्या संभाषणासारखा आहे. फोनने गाण्याचा एक तुकडा पाठवला की बडने 'मिळाला' असं परत कळवायचं असतं. उत्तर आलं नाही तर फोन तोच तुकडा पुन्हा पाठवतो. बडकडे थोडा साठा असतो, तो संपेपर्यंत आपल्याला कळत नाही. साठा संपला की गाणं अडखळतं.

आता आपल्या आरसीसीच्या किचनमध्ये खऱ्या अर्थाने १०० मिलिवॅट सोडणारा लॅपटॉपचा डोंगल आणा. पोचणारा सिग्नल उणे ९९ वरून १६ ने सुधारून उणे ८३ झाला. बडला छान ऐकू आलं. बडने 'मिळाला' म्हणून उत्तर दिलं, पण त्याची ताकद अजून २.५ मिलिवॅटच. ते उत्तर त्याच भिंतींतून जाताना पुन्हा उणे ९९ वर पोचलं. डोंगलचा कान बडपेक्षा थोडा तिखट असला तरी उणे ९९ ऐकणं बहुतेकांना जमत नाही. डोंगलला वाटतं तुकडा पोचलाच नाही. तो पुन्हा तेच पाठवतो, पुन्हा तेच. शेवटी गाणं तुटतंच. एका बाजूला कितीही ओरडणारा असला तरी संभाषण कमजोर आवाजाच्या माणसापुरतंच टिकतं.

अँटेना: नखाएवढी गोष्ट, दोन्हीकडून हिशोब

ताकद वाढवली तर एकाच दिशेला फायदा होतो, हे आत्ता पाहिलं. अँटेना सुधारली तर मात्र दोन्ही दिशांना होतो. कारण अँटेना जितकी चांगली पाठवते, तितकीच चांगली ऐकते. ६ डेसिबल खाणारी अँटेना जाता ६ खाते आणि येताही ६ खाते. म्हणून जाणकार डिझायनर ताकदीआधी अँटेनाकडे बघतो.

अडचण अशी की अँटेनाला जागा लागते. ब्लूटूथच्या लहरीचा चौथा हिस्सा म्हणजे साधारण ३ सेंटीमीटर. एवढी लांबी आणि तिच्या जोडीला धातूचा पुरेसा मोठा पाया, म्हणजे सर्किट बोर्डावरचा तांब्याचा थर, मिळाला तर अँटेना बरी वागते. लॅपटॉपमध्ये, स्पीकरमध्ये ते मिळतं. बडमध्ये बॅटरी, स्पीकर, माइक, चिप यांच्यात उरलेल्या फटीत ती बसवावी लागते. मग तारेला नागमोडी वळणं देतात, सिरॅमिकच्या छोट्या ठोकळ्यात ती कोंबतात किंवा बडच्या प्लास्टिकच्या आतल्या बाजूवर लेझरने धातूची रेघ उमटवतात.

पण निसर्ग इथे सूट देत नाही. हॅरोल्ड व्हीलर आणि लॅन जेन चू या दोन संशोधकांनी १९४७-४८ मध्येच दाखवून दिलं होतं की अँटेना लहरीच्या तुलनेत जितकी लहान कराल, तितका तिचा कामाचा पट्टा अरुंद होतो. पट्टा रुंद ठेवायचा तर कार्यक्षमता सोडावी लागते. ब्लूटूथला २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ असा सगळा पट्टा लागतो, म्हणून बळी जातो कार्यक्षमतेचा. अनेक बड्सना खाली दांडी असते ती फक्त फॅशन नाही. दांडीत अँटेनाला लांबी मिळते आणि ती कानाच्या पोकळीतून, म्हणजे पाण्याने भरलेल्या डोक्यापासून, थोडी बाहेर राहते.

डोकं किंवा हात अगदी जवळ आला की आणखी एक घोटाळा होतो. अँटेना एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला जुळवलेली असते, जशी सतारीची तार. कातडी चिकटली की तिचा सूर उतरतो आणि सिग्नल बाहेर जाण्याऐवजी आतच परततो. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २०१० मधलं आयफोन ४ आहे. त्याची स्टीलची कडच अँटेना होती: एक तुकडा ब्लूटूथ, वायफाय आणि जीपीएससाठी, दुसरा मोबाईल नेटवर्कसाठी. डाव्या हातात फोन विशिष्ट पद्धतीने धरला की तळहात दोन तुकड्यांमधली फट जोडायचा आणि नेटवर्कच्या कांड्या धडाधड उतरायच्या. जुलै २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्स यांना यावर पत्रकार परिषद घ्यावी लागली आणि ॲपलने ग्राहकांना फुकट कव्हर दिलं. कव्हरने काय केलं? हात आणि अँटेना यांच्यात मिलिमीटरभर अंतर आणलं, बस्स.

आणि चांगली अँटेना काय करू शकते? ऑगस्ट २००४ मध्ये अमेरिकेत एका गटाने बंदुकीसारखी दिसणारी दिशादर्शक अँटेना आणि सिग्नल ॲम्प्लिफायर वापरून साध्या क्लास २ फोनशी १.७८ किलोमीटरवरून ब्लूटूथ जोडणी करून दाखवली होती. फोनमध्ये काहीही बदल न करता. '१० मीटरवाला' फोन! अर्थात मध्ये भिंत नव्हती आणि अँटेना नेम धरून रोखलेली होती. कानातल्या बडला तशी अँटेना लावता येत नाही, कारण तुम्ही मान कुठे वळवाल हे तिला माहीत नसतं. तिला सगळीकडे थोडं थोडं पाठवावंच लागतं.

मग ब्लूटूथ ५ मध्ये रेंज चौपट झाली ते?

डिसेंबर २०१६ मध्ये ब्लूटूथ ५.० आलं तेव्हा 'चौपट रेंज' हीच हेडलाइन होती. ती खोटी नाही, पण ती आपल्या गाण्यांबद्दल नव्हती. चौपट रेंज मिळते लो एनर्जीच्या एका खास मोडमध्ये, जिथे प्रत्येक बिट अनेक वेळा गुंफून पाठवला जातो आणि वेग सेकंदाला १२५ किलोबिटपर्यंत खाली येतो. सेन्सर, दाराचं कुलूप यांच्यासाठी ते ठीक. बड्सवरची गाणी बहुतेक वेळा अजूनही जुन्या क्लासिक ब्लूटूथवरून येतात आणि त्याची रेंज ५.० ने बदलली नाही. वर हा मोड ऐच्छिक आहे, ५.३ लिहिलेल्या उपकरणात तो असेलच असं नाही. त्यामुळे निव्वळ व्हर्जनचा आकडा बघून रेंजसाठी पैसे मोजू नका.

तुमच्या घरात दोष कुणाचा, कसं ओळखायचं?

nRF Connect नावाचं फुकट ॲप आहे. ते आजूबाजूची लो एनर्जी ब्लूटूथ उपकरणं आणि त्यांच्यापुढे RSSI चा आकडा दाखवतं. हाच तो उणे असलेला सिग्नल. एखादा ट्रॅकर टॅग किंवा सेन्सर टेबलवर ठेवा, १ मीटरवरून आकडा बघा. मग मधे फक्त हवा असताना ४ मीटरवर जा, तिथे आकडा बघा. मग तेवढ्याच अंतरावर पण भिंतीपलीकडे बघा. शेवटच्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमच्या भिंतीची किंमत. मेलेल्या जागांमुळे आकडा नाचतो, म्हणून फोन वीतभर इकडे-तिकडे हलवत आठ-दहा वेळा वाचा आणि सरासरी काढा.

लक्षणंही बोलतात. ठरावीक जागीच तुटत असेल तर भिंत किंवा शरीर. फोन हातात असूनही रेल्वे स्टेशनसारख्या गर्दीच्या ठिकाणी तुटत असेल तर इतरांच्या सिग्नलचा गोंगाट. लॅपटॉपला डोंगल लावलाय आणि शेजारच्या पोर्टला यूएसबी ३ ची हार्ड डिस्क जोडल्यावरच तुटत असेल तर त्या डिस्कचा रेडिओ गोंगाट; हातभर एक्स्टेंशन केबलने डोंगल लांब नेला की फरक पडतो. मोकळ्या जागी, समोरासमोर, दोन मीटरवरही तुटत असेल तरच बड्सवर संशय घ्या आणि रिटर्नची मुदत संपायच्या आत तो घ्या.

उपाय साधे आहेत. फोन आणि कान यांच्यात मनातल्या मनात एक सरळ रेघ ओढा. ती लोखंडी कपाट, फ्रिज किंवा आरसीसीच्या खांबातून जात असेल तर फोन हलवा. चार्जिंगची जागा दारासमोर ठेवा, जमिनीवर नको, कंबरेच्या उंचीवर. अँड्रॉइडमध्ये बड्सच्या सेटिंगमध्ये LDAC चालू असेल तर बंद करून बघा. तो सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत डेटा मागतो, साधा SBC सुमारे ३२८ वर भागवतो. मागणी कमी असली की तुकडे परत पाठवायला वेळ उरतो.

गाणं तुटलं तर चिडचिड होते, एवढंच. पण हाच हिशोब आता घरातल्या आजी-आजोबांच्या गळ्यातही अडकवलेला असतो. ब्लूटूथवर चालणारी एसओएस बटणं मिळतात: बटण दाबलं की फोनला कळतं आणि फोन मुलांना कॉल लावतो. अशा बटणाचा सगळा भरवसा बटण ते फोन या शेवटच्या काही मीटरवर असतो. आणि माणूस पडण्याचा धोका सगळ्यात जास्त कुठे, तर बाथरूममध्ये, जिथे भिंती ओल्या, त्यांत पाइप आणि आरशाच्या मागे धातूचा थर. पडलेल्या माणसाच्या अंगाखाली बटण दबलं तर आणखी २० डेसिबल गेले.

असं बटण घरात असेल तर बॉक्सवरचा मीटरचा आकडा विसरा. फोन नेहमी जिथे असतो तिथेच ठेवा, बाथरूममध्ये जा, दार लावा, खाली बसा, बटण पोटाशी मुठीत धरा आणि दाबा. दहापैकी दहा वेळा कॉल लागला तर ठीक. एकदाही हुकला, तर फोनची जागा बदला किंवा स्वतःचं सिम असलेलं उपकरण घ्या.